नातीच्या पोस्टचा खालचा भाग

ये वं पोरी, जरा जवळ सरक. मी लिहितेय सुरतेत आणि तू बसलीयेस अमळनेरला, हे मला माहीत आहे, पण समज की डिंडोलीच्या आमच्या ओट्यावर माझ्या शेजारीच बसलीयेस. आणि आधी तो मोबाईल खाली ठेव. काल फोनवर मोठ्या आनंदाने सांगितलंस की ताईची, म्हणजे माझ्या नातीची, अभ्यासावरची पोस्ट मला मैत्रिणीकडून आली, एकदम भारी आहे, आता मी पण रोज सगळं आईला समजावून सांगते. मी विचारलं, सगळी वाचलीस का? तर म्हणालीस, हो, वाचली ना. खोटं नाही बोललीस तू, पण अर्धंच बोललीस. तुझ्या आजोबांची मी मोठी बहीण, मला कळतं. निळ्या अक्षरांत 'पुढे वाचा' येतं, तिथे तुमचं सगळ्यांचं वाचन थांबतं. भाजीसुद्धा आपण उलटून बघून घेतो गं, आणि परीक्षेचा सल्ला वरवर बघून घ्यायचा?

काल फोन ठेवल्यापासून तेच डोक्यात फिरतंय. कारण हेच सगळं आमच्या गल्लीत एकदा होऊन गेलंय. म्हणून लिहायला बसले. मी शाळेत गेलेली नाही. नात बालवाडीत होती तेव्हा तिच्या पाटीवर मीही गिरवलं आणि तिच्यापाठोपाठ वाचत गेले, तेव्हा अक्षर वेडंवाकडं आहे ते चालवून घे.

आता पहिल्यापासून ऐक. नात बारावीपर्यंत मराठी शाळेत शिकली. इकडे मराठी शाळा आहेत, आपल्या खानदेशी लोकांनी भरलेल्या. पण कॉमर्सचं कॉलेज म्हटलं की पेपर गुजरातीत लिही नाहीतर इंग्रजीत. तिने गुजराती घेतलं. बरोबरच होतं, आम्हाला वाटलं. गुजराती तिच्या तोंडात खेळते. रिक्षावाल्याशी, दुकानदाराशी, मैत्रिणींशी ती अशी बोलते की कोणाला कळायचं नाही ही मूळची कुठली. घरात मात्र अहिराणी, नाहीतर मराठी.

पहिलं वर्ष कसंबसं निघालं. दुसऱ्या वर्षाला तिला कॉस्टिंग नावाचा पेपर होता. एखादी वस्तू बनवायला खर्च किती आला, तो कसा मांडायचा, याचं ते शास्त्र. अर्धी गणितं आणि अर्धं लिहायचं. मी दुपारी साड्यांवर खडे चिकटवायचं काम करते, ते तू पाहिलंयस. ती माझ्यासमोर पुस्तक घेऊन बसायची आणि मला धडा समजावून सांगायची. म्हणायची, आजी, तुला कळलं तर मला आलं. आणि मला कळायचं गं. एकदा तूट शिकवत होती. माल बनताना थोडा वाया जाणारच, ती नेहमीची तूट, तिचा भार चांगल्या मालावर पडतो. आणि जे वाया जायला नको होतं ते वेगळं काढून दाखवायचं. मी म्हटलं, म्हणजे चिकटवताना दोनचार खडे खाली सांडतात ते नेहमीचं, आणि मांजराने डबीच पाडली ते वेगळं. ती टाळ्या वाजवत उठली. कारखाना दिवाळीला बंद असतो तेव्हाही शेडचं भाडं चालूच राहतं, तो स्थिर खर्च, हेही तिने मला असंच शिकवलं. घरात सगळे म्हणायचे, आता दोघींनी मिळून पेपरला बसा.

पेपर देऊन आली ती हसत आली नाही. चप्पल काढून सरळ आत गेली. गणितं सगळी झाली होती. लिहायच्या प्रश्नांत दोन आख्खे राहिले. आले नाहीत म्हणून नव्हे. आले होते, पण लिहून झाले नाहीत.

मला वाटलं वेळ कमी दिला असेल. ती म्हणाली, वेळ तेवढाच होता, आजी. मी प्रत्येक वाक्य आधी मनात मराठीत म्हणत होते, मग त्याचं गुजराती शोधत होते. खर्चाला गुजरातीत 'पडतर' म्हणतात, तो शब्दही मला दर वेळी थांबून आठवावा लागला. गुजरातीला वरची रेघ नसते, तरी घाईत अक्षरांवर मराठीसारख्या रेघा ओढत गेले. बाजूच्या मुली पुरवण्या मागत होत्या आणि माझा हातच पुढे सरकेना.

तेव्हा आम्हाला उमगलं. गुजराती तिच्या तोंडाला होती, हाताला नव्हती. सगळा वेळ माझ्यापुढे बोलली, कागदावर उतरवलंच नाही. त्या पेपरात ती राहिली. पुढच्या सेमिस्टरला नव्या पेपरांबरोबर तो जुनाही द्यायचा, त्याला एटीकेटी म्हणतात. माझी सून, म्हणजे तिची आई, चार दिवस जेवली नाही धड. गावाकडे सगळ्यांना सांगितलं की रिझल्ट कॉलेजात अडकलाय. तुमच्याकडेही तेच सांगितलं होतं, आता कळतंय ना.

दुसऱ्या वेळी तिने रीत बदलली. मला मराठीत सांगायची, ते झालं की लगेच पुस्तक मिटून तोच प्रश्न गुजरातीत लिहायची, मोबाईलवर वेळ लावून. आधी माझं पदराचं काम व्हायचं तरी तिचं अर्धं पान व्हायचं नाही. मग हळूहळू हात सुटला. निघाली त्यातून.

तिसऱ्या वर्षाला गेल्यावर तिने ती पोस्ट लिहिली. आमच्या शाळेतून त्या कॉलेजात गेलेल्या मुलींचा व्हॉट्सॲपवर एक ग्रुप आहे. खालच्या वर्षाच्या मुली तिला सारखं विचारायच्या, ताई, कॉस्टिंगचं काय करू. एकेकीला सांगून थकली, म्हणून एकदाच सगळं मराठीत लिहिलं. टाकायच्या आधी मला वाचून दाखवलं. वर काय कामाला आलं ते होतं. गणितं डोळ्याने वाचायची नाहीत, हाताने सोडवायची. मागच्या वर्षांचे पेपर मिळवायचे. परीक्षेत आधी सगळा पेपर वाचायचा आणि येतो त्यावर खूण करायची. आणि घरातल्या कोणाला तरी आपल्या भाषेत धडा समजावून सांगायचा, "मी माझ्या आजीला सांगायचे, आजीला कळलं की मला आलं." एवढं ऐकून माझे डोळे भरले. खोटं कशाला बोलू, पुढचं मी नीट ऐकलंच नाही.

खाली काय कामाला आलं नाही ते होतं. रंगीत पेनांनी टाइमटेबल बनवण्यात गेलेली दुपार. ट्यूशनवाल्यांनी दिलेली 'आयएमपी', म्हणजे हमखास येणाऱ्या प्रश्नांची यादी, त्यातले थोडे आले आणि ज्यांना हात लावला नव्हता तेच जास्त आले. गच्चीवर मैत्रिणींबरोबर केलेला अभ्यास, ज्यात शेंगाच जास्त संपल्या. आणि सगळ्यात शेवटी, अगदी तळाला, की नुसतं आजीला सांगून मी नापास झाले होते, लिहून बघितलं तेव्हा पास झाले.

तो तळाचा भाग माझ्या सुनेला नकोच होता. ती म्हणाली, नापास कशाला लिहितेस, कमी मार्क पडले असं लिही. नात म्हणाली, मम्मी, मग त्या सल्ल्याला अर्थ काय उरला. शेवटी तिने ते ठेवलं, पण खाली ठेवलं. आईचंही मन राहिलं आणि खरंही राहिलं, असं तिला वाटलं.

पोस्ट फिरली. या मुलीकडून त्या मुलीकडे, कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात. नातीला शाबासकीचे हात आणि फुलं येत होती. आम्ही खूष.

आता त्या पोरीचं सांगते जिच्यासाठी हे सगळं लिहितेय. आमच्या मागच्या गल्लीत एक घर आहे, आपल्या तिकडचंच. बाप लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात, आई पर्वत पाटिया भागातल्या एका दुकानात साड्यांच्या घड्या घालायला जाते. थोरली पोरगी नातीच्या मागच्या वर्षाला, त्याच कॉलेजात, आमच्याच शाळेची. त्या पोरीच्या घरी बापाने एक गोष्ट सांगून ठेवलेली होती. रागाने नव्हे, शांतपणे. या वर्षी सगळे पेपर निघाले तर पुढे शीक, एक जरी अडकला तर आईबरोबर घड्या घालायला ये. तिच्या दुकानातल्या शेठशी त्याने बोलूनही ठेवलं होतं.

परीक्षेच्या थोडे आधी तिची आई आमच्याकडे आली. रात्री घरी तीही खडे लावते, काम आणून देणारा माणूस आमचा एकच, तिच्या हातून माझ्या साड्या आल्या होत्या. बसली, पाणी प्याली, आणि हसून म्हणाली, "तुन्या नातनं काय लिखं शे, मनी पोर ते माले रोज समजाडी सांगस. मी खडा लावस नि ती सांगस. आते माले बी कॉस्टिंग येस."

मी पण हसले. हसता हसता माझा हात थांबला. मी विचारलं, "आणि लिखस का ती?"

"लिखाले टाइम कोठे शे? तुन्या नातनं तर सांगेल शे, सांगं म्हंजे येस."

पोरी, मी खडा साडीवर ठेवला आणि तो चुकीच्या जागी चिकटला, मग उकरून काढावा लागला. तिला काही बोलले नाही. तिच्या तोंडावर फार आनंद होता, बाई पहिल्यांदाच लेकीच्या शिक्षणात सामील झाली होती. मी म्हटलं, संध्याकाळी पोरीला पाठव माझ्याकडे.

पोरगी आली. बारीकशी, हसरी, बोलायला चटपटीत. मी म्हटलं, ताईची पोस्ट दाखव. तिने काढली. मी वाचलं. 'आजीला कळलं की मला आलं', आणि त्याखाली निळ्या अक्षरांत 'पुढे वाचा'. मी म्हटलं, इथे दाबलंस का कधी? ती म्हणाली, नाही, मुख्य मुद्दे तर वरच होते.

नात बाजूलाच उभी होती. तिचा चेहरा उतरला. म्हणाली, "आजी, मी लिहिलंय ना खाली. सगळं लिहिलंय."

मीही ऐन तारुण्यात साड्यांच्या घड्या घातल्यात. मी तिला म्हटलं, "बाई, साडीवर डाग असला की आम्ही ती अशी घडी घालायचो की डाग आत जायचा. लपवला असं कोणी म्हणू शकत नाही, साडी उघडली की दिसतोच. पण घेणारा पदर बघून घेतो. तुझा डाग तू आतल्या घडीत घातलास."

त्या पोरीने निळ्या अक्षरांवर बोट ठेवलं आणि खालचं वाचायला लागली. वाचता वाचता तिचे ओठ हलायचे थांबले. मग एवढंच म्हणाली, "ताई, मी तर एकही उत्तर लिहिलेलं नाही."

मग नातीने नवी पोस्ट लिहायला घेतली. जुनी सगळ्यांच्या मोबाईलमधून पुसता येईना, टाकून इतके दिवस झाल्यावर ते बटणच येत नाही म्हणे. आणि लोकांनी पुढे पाठवलेल्या तर तिच्या हातातच नव्हत्या. तुझ्याकडे आलेली तीच जुनी. नवीचं पहिलं वाक्य तिने असं लिहिलं: "मी या पेपरात नापास झाले होते, ते का हे आधी वाचा, मग बाकीचं."

तिची आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. वाटलं आता भांडण होणार. ती म्हणाली, गावाकडे जाईल हे. नात म्हणाली, जाऊ दे. सून आत गेली आणि पोळपाट जरा जोराने आपटला, एवढंच. आणि गेलंच गावाकडे. दोन दिवसांत तिच्या मोठ्या बहिणीचा धुळ्याहून फोन आला, की काय गं, तो अडकलेला रिझल्ट म्हणजे हाच होता का? सून म्हणाली, हो, हाच, आणि आता सुटलाय. मला तिचा फार अभिमान वाटला त्या दिवशी, पण तिला सांगितलं नाही. सांगितलं तर लाजते.

ग्रुपमध्ये एकीने हसरं तोंड टाकलं, नातीला ते लागलं. पण मग एकेक मुलगी विचारायला लागली. ताई, मी पण मराठी शाळेची, माझं पण असंच होतं. ताई, तुम्ही शब्द कसे पाठ केले? ती सांगायची, पाठ नाही केले, रोज धड्यातले नेहमी लागणारे शब्द गुजरातीत लिहून भिंतीला चिकटवायचे, येता-जाता दिसायचे.

ती पोरगी रोज दुपारी आमच्याकडे यायला लागली. दिवस फार थोडे उरले होते. मला एकदा मराठीत सांगायची, मग लगेच लिहायला बसायची, नात मोबाईलवर वेळ लावायची. पहिल्या दिवशी वेळ संपली तेव्हा तिचं अर्धंही झालं नव्हतं, आणि प्रत्येक शब्दावर आपली रेघ. ती रेघा खोडायला लागली. नात म्हणाली, खोडत बसू नकोस, अर्थ कळतो, पुढे चल. उत्तर पूर्ण येत नसलं तरी आधी मुद्द्यांची नावं टाकून मोकळी हो, मग भर. मी साडीवर वाकलेली असायचे पण माझे कान पेनाकडे. पेन थांबलं की माझा हातही थांबायचा. किती वेळा मनात आलं, हिचं काही खरं नाही, आपणच हिला उगीच आशा लावतोय. तिची आई रोज विचारायची, होईल ना? मी म्हणायचे, होईल. म्हणायचे आणि पुन्हा साडीवर वाकायचे.

एके दिवशी पोरगी लिहिता लिहिता पेन ठेवून म्हणाली, मला घड्या घालायलाच जायचंय, उगीच तुम्हाला त्रास. नात तिच्यावर ओरडली नाही. तिने स्वतःचं मार्कशीट काढून तिच्यापुढे ठेवलं, ते नापासचं. म्हणाली, बघ, हा कागद घेऊन मी घरी आले तेव्हा पण हीच आजी इथे बसून खडे चिकटवत होती. पोरगी रडता रडता हसली आणि पुन्हा पेन उचललं.

पेपरच्या दिवशी माझं कामात लक्ष नव्हतं. दुपार टळली तरी ती दिसेना. मी दोनदा ओट्यावर जाऊन आले. मग आली. बोटं निळी झालेली. मी काही विचारायच्या आत म्हणाली, शेवटच्या प्रश्नाचं अर्धं राहिलं. बाकी सगळं लिहिलं. तूट आली होती, आजी, आणि मला तुमचं मांजर आठवलं.

रिझल्ट लागेपर्यंत मी रोज देवापुढे तेच मागितलं. तिचा बाप रस्त्यात दिसला तर मी नजर चुकवायचे, जणू पेपर माझाच होता. रिझल्ट लागला तेव्हा तिची आई पळत आली. पोरगी निघाली होती सगळ्यात. कॉस्टिंगला फार नाही पडले, गणितांनी वाचवलं, पण निघाली. बाप जेवून उठला आणि बायकोला एवढंच म्हणाला, "त्या शेठले सांगी दे, पोर येवाव नही."

तर आता तुझं. तू आईला समजावून सांगतेस ते चांगलंच आहे, ते सोडू नकोस. पण तुझा पेपर इंग्रजीत आणि तुझी आई अहिराणीत. मधला पूल तुझ्या हाताने बांधायचाय, तोंडाने नाही. हे मला कागदावर सांगून बरं वाटत नाहीये. काल तुझ्या आवाजात तोच आनंद होता जो त्या बाईच्या तोंडावर होता, म्हणून झोप लागत नाहीये मला. नातीने नवी पोस्ट तुला पाठवलीय. ती वरून खालपर्यंत वाच, आणि वाचून झाली की मोबाईल बाजूला ठेवून एक उत्तर लिहून बघ.

आणि शक्य असेल तर परीक्षेआधी चार दिवस इकडेच ये. सुटीला नको, आता लवकर. वह्या-पुस्तकं घेऊन ये. दुपारी ओट्यावर सावली असते, ताई वेळ लावेल, मागच्या गल्लीतली पोरगीही येऊन बसेल, ती आता दुसऱ्यांना शिकवते. मी खडे चिकटवत ऐकेन. आईला सांग, आत्याबाईने बोलावलंय, नाही म्हणू नको. कोणत्या गाडीने येतेस ते कळव, मी तुला घ्यायला उधन्याच्या स्टेशनवर येते.